हरवलेला फोन, सापडलेले फोटो

रत्नागिरीजवळच्या गावात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका काकूंचा फोन बसस्थानकाच्या गर्दीत हरवला. फोन दुसरा घेता आला, सिमही त्याच नंबरचं मिळालं. पण नातवाचं बारसं, मुलीचं लग्न, यजमानांचं शेवटचं आजारपण आणि त्याआधीचे त्यांचे हसरे चेहरे असे कित्येक वर्षांचे फोटो त्या एका फोनमध्ये होते. पुढच्या काही आठवड्यांत काकूंनी काय काय शोधलं, काय मिळालं आणि काय कायमचं गेलं, हे नीट पाहिलं तर फोटो कशामुळे टिकतो ते लख्ख कळतं.

फोन हरवल्यावर करायच्या गोष्टी काकूंच्या मुलाने ओळीने केल्या. सिम बंद केलं, बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक देऊन फोन ब्लॉक केला. हा पंधरा आकडी क्रमांक फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हातात असताना `*#06#` दाबलं की पडद्यावरही दिसतो. ब्लॉक केलेला फोन चोराला सिम घालून वापरता येत नाही, पण त्यामुळे आतले फोटो आपल्याकडे परत येत नाहीत. आजच्या फोनमधला सगळा मजकूर कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो. चोराला तो सहजी उघडता येत नाही हा त्याचा फायदा. फोनच हाताशी नसला, तर आपल्यालाही त्यातलं काही काढता येत नाही.

मग बॅकअपची आठवण झाली. काकूंना खात्री होती की फोटो गूगलवर आहेत, कारण त्या रोज गूगल फोटोज उघडूनच ते बघत. नेमका इथेच असंख्य लोकांचा घोटाळा होतो. हे अ‍ॅप फोनमध्ये असलेले फोटोही दाखवतं, मग बॅकअप चालू असो वा नसो. त्यामुळे अ‍ॅपमध्ये फोटो दिसतो याचा अर्थ तो गूगलच्या साठ्यात पोहोचला असा होत नाही. शिवाय 1 जून 2021 पासून नवे फोटो मोफत मिळणाऱ्या 15 जीबीमध्ये मोजले जातात आणि त्याच जागेत ईमेलही येतात. जागा भरली की बॅकअप थांबतो. खरी परिस्थिती तपासायची असेल तर दुसऱ्या कुणाच्या संगणकावर आपल्या खात्याने photos.google.com उघडावं. तिथे जे दिसेल तेवढंच सुरक्षित आहे. मुलाने ते पान उघडलं तेव्हा काकूंच्या खात्यात एकही फोटो नव्हता.

तरीही सगळं संपलं नव्हतं. काकूंनी बहिणीला, भाचीला आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर वेळोवेळी फोटो पाठवले होते. ते त्यांच्या फोनमध्ये अजून होते. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवताना फोटो लहान करतं. मोठी बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास येते. भिंतीवर मोठा करून लावायला हे कमी पडतं, पण पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला पुरतं. या फोटोंमधली काढल्याची मूळ तारीख पुसली जाते, मात्र फाइलच्या नावात एक खूण राहते. `IMG-20190512-WA0003` असं नाव असेल, तर तो फोटो 12 मे 2019 रोजी पाठवला किंवा मिळाला होता. एवढ्या धाग्यावरून काकूंनी लग्नाचे आणि बारशाचे बरेच फोटो पुन्हा क्रमाने लावले. जे कुणालाच पाठवले नव्हते ते मात्र गेले. आजारपणातले फोटो त्यांतच होते.

कपाटाच्या वरच्या खणात

यजमानांचा निदान एखादा चांगला फोटो हवा म्हणून काकूंनी लोखंडी कपाटाचा वरचा खण रिकामा केला. त्यातून तीन पिढ्यांचे फोटो निघाले आणि प्रत्येक पिढीची अवस्था वेगळी होती.

सगळ्यांत जुने, 1960 च्या दशकातले आईवडिलांचे कृष्णधवल फोटो सगळ्यांत स्वच्छ होते. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती. कृष्णधवल फोटोतली काळी छटा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते, आणि स्टुडिओवाल्याने प्रिंट नीट धुतली असेल तर ती शंभर वर्षंही टिकते. फक्त कडेला, तिरका प्रकाश पडला की, निळसर चंदेरी झाक दिसत होती. दमट हवेने चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते, त्याची ही खूण. ती पुसायला जाऊ नये. पुसताना चित्रच खरवडलं जातं.

1980 च्या आसपासचे रंगीत फोटो मात्र तांबूस पडले होते. रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरत नाही. पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगांचे तीन थर असतात. त्या काळच्या कागदावरचा निळसर थर अंधारात ठेवूनही आधी विरतो, मग उरलेल्या दोन रंगांनी सगळं चित्र लालसर दिसू लागतं. म्हणून अल्बम कधी उन्हात न ठेवताही आपल्या घरातले त्या काळचे फोटो लाल झालेले असतात.

तिसरा गठ्ठा चिकट पानांच्या अल्बमचा होता. जाड पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, असे हे अल्बम तेव्हा घरोघरी होते. फोटोचं सर्वाधिक नुकसान यांनीच केलं आहे. गोंद पिवळा पडतो, कागदात शिरतो, आणि काही वर्षांनी फोटो पानापासून सुटतच नाही. काकूंनी पहिला फोटो नखाने उचलायला घेतला तसा कोपरा फाटला. तिथे त्या थांबल्या आणि दात साफ करायचा बारीक धागा आणला. हा धागा फोटोच्या मागून, पानाला समांतर, करवतीसारखा हळूहळू सरकवला की बरेच फोटो अखंड सुटतात. जे सुटत नाहीत ते ओढू नयेत; अख्ख्या पानाचाच फोटो काढून ठेवावा.

कोकणातल्या घरात आणखी एक संकट असतं, ते बुरशीचं. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला असतो. हवेतला ओलावा दीर्घकाळ 65 टक्क्यांच्या वर राहिला की त्यावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तेवढा ओलावा रोजचाच. पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ओल्या कापडाने पुसू नये. बुरशीने मऊ झालेला थर त्या ओल्या कापडाबरोबर निघून येतो. फोटो सावलीत, वारा लागेल असे कोरडे होऊ द्यावेत आणि मग मऊ ब्रशने घराबाहेर झटकावेत, तोंडाला मास्क लावून.

निगेटिव्हने वाचवलेला एक फोटो

काकूंना हवा होता तो फोटो भिंतीवरच्या चौकटीत होता. 1990 च्या दशकातल्या गणपतीत काढलेला, यजमान आरतीचं तबक घेऊन उभे असलेला. तो काचेला चिकटला होता. दमट हवेत जिलेटिन फुगतं आणि काचेला धरून बसतं. कोरडा ओढला तर चेहराच काचेवर राहतो. त्यामुळे आधी काचेसकट, आडव्या उजेडात, काचेत खिडकी दिसणार नाही अशा कोनातून त्याचा फोटो काढून ठेवला. तरी चेहऱ्यावर डाग होताच.

मग कपाटात कलर लॅबचं पाकीट सापडलं. त्यात रोल धुवून मिळालेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. तेव्हा प्रिंट्स मिळाल्या की आपण निगेटिव्ह विसरून जायचो. पुष्कळ घरांत त्या फेकूनही दिल्या गेल्या. पण मूळ चित्र निगेटिव्हवरच असतं, प्रिंट ही त्याची नक्कल. पट्टीच्या कडेला फ्रेमचे आकडे छापलेले असतात आणि त्यावरून कोणता फोटो आधीचा, कोणता नंतरचा हेही कळतं. आरतीचा फोटो सोळाव्या फ्रेमवर होता. पंधरावी आणि सतरावी फ्रेमही त्याच क्षणाच्या अलीकडची आणि पलीकडची निघाली, आणि त्यांच्या प्रिंट कुणी कधी काढल्याच नव्हत्या.

शहरातल्या एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह 2400 डीपीआयला स्कॅन करून घेतल्या. 35 मिलिमीटरच्या फ्रेममधून त्यामुळे सुमारे 77 लाख पिक्सेलचं चित्र मिळतं. काकूंच्या निगेटिव्हचा रंग प्रिंटइतका उडालेला नव्हता, म्हणून नवी प्रिंट जुनीपेक्षा सरस आली. बाकीच्या चार बाय सहा इंची प्रिंट्स 600 डीपीआयला स्कॅन केल्या. याहून जास्त आकडा घातला तर फाइल फुगते, नवा तपशील दिसत नाही, कारण प्रिंटमध्येच तो नसतो.

काकूंच्या माहेरी भावाकडेही याच फोटोंच्या काही प्रती निघाल्या. पूर्वी लग्नाचे, बारशाचे फोटो धुवायला दिले की दोन-तीन प्रती जास्त काढल्या जात: एक माहेरी, एक मुंबईच्या दिरांकडे. या रीतीमुळेच ते फोटो वाचले. कागद फार टिकाऊ असतो असं नाही. तो लाल पडतो, बुरशीने खातो, पुरात जातो. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी घरांतले अल्बम चिखलात गेले. पण एकाच चित्राची निगेटिव्ह एका घरात, एक प्रिंट दुसऱ्या घरात आणि एक तिसऱ्या गावात असली, तर कुठलाही एक अपघात ते पुसून टाकू शकत नाही. फोनमधला फोटो एकाच जागी असतो, म्हणून तो एका गर्दीत जातो.

आता काय करावं

जुन्या प्रिंट कडेला धरून हाताळाव्यात आणि चिकट अल्बममधून काढून पॉलिप्रोपिलीनच्या खिशांच्या अल्बममध्ये किंवा साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात. नव्या प्लास्टिकसारखा उग्र वास येणारे अल्बम टाळावेत. ते बहुधा पीव्हीसीचे असतात. लॅमिनेशन तर करूच नये, कारण त्यातून फोटो पुन्हा कधी बाहेर काढता येत नाही. जागा घराच्या आतल्या भिंतीलगतची निवडावी, बाहेरच्या ओल्या भिंतीची किंवा माळ्याची नको.

मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं तर अक्षरं पुढे उमटतात. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर ती उमटत नाही, तिथे नावं अल्बमच्या पानावर लिहावीत. कोण, कुठे, कधी, एवढं पुरतं. काकूंच्या खणातल्या निम्म्या फोटोंतली माणसं ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

आणि फोनमधल्या फोटोंसाठी: या रविवारी बॅकअप दुसऱ्या संगणकावरून तपासा, एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती भावंडांपैकी कुणाच्या तरी घरी ठेवा, आणि वर्षातले निवडक फोटो लॅबमध्ये देऊन दोन-दोन प्रतींत छापून घ्या. दुसरी प्रत माहेरी पाठवा.