भरलेल्या गोडाऊनचा हिरवा नकाशा

भिवंडीच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या मोठ्या गोडाऊनमधल्या एका नेहमीच्या तक्रारीचे उदाहरण घेऊ. गोडाऊन नवे असताना वायफाय उत्तम चालत होते. तीन महिन्यांनी माल भरला आणि कामगारांच्या हातातले बारकोड स्कॅनर गल्लीच्या मध्यावर अडकू लागले. ॲक्सेस पॉइंट तेच आणि तारा त्याच, बदलले ते फक्त रॅकवरचे सामान. रिकाम्या लोखंडी सांगाड्यातून लहरी बऱ्याच अंशी आरपार जातात. त्याच रॅकवर पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे किंवा रंगाचे ड्रम चढले की पाणी लहरी शोषून घेते, पत्रा त्या परतवतो आणि शेजारची गल्ली अंधारात जाते.

म्हणून इथे सर्व्हे माल भरलेला असतानाच करायचा असतो. ते शक्य नसेल, तर निदान दोन-तीन रॅक खऱ्या मालाने भरून मोजणी करावी.

असे एक गोडाऊन डोळ्यांपुढे आणू : लांबी १०० मीटर, छत ११ मीटर उंच, रॅक ९ मीटरचे, आणि ८० मीटर लांबीच्या अरुंद गल्ल्या. सर्व्हे करणारा प्रथम नकाशा संगणकात घेतो आणि त्यावरचे एक अंतर प्रत्यक्ष टेपने मोजून प्रमाण ठरवतो. इथे चूक झाली, तर पुढचे प्रत्येक माप त्याच प्रमाणात चुकते. मग एक ॲक्सेस पॉइंट बॅटरीवर चालवून, जिथे तो कायमचा बसणार आहे त्याच उंचीवर धरला जातो. छातीइतक्या उंचीच्या स्टँडवर ठेवून केलेली मोजणी इथे फसवी ठरते, कारण ९ मीटरच्या रॅकवरून खाली येणारी लहर वेगळ्या वाटेने येते.

त्यानंतर तो चालू लागतो, आणि प्रत्येक गल्लीतून चालतो. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक सर्व्हे इथेच बिघडतात. माणूस फक्त दोन्ही टोकांच्या मोकळ्या रस्त्यांवरून फिरला, तर सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने रंगवते आणि जिथे पाऊलही पडले नाही तिथे हिरवा रंग उमटतो. हाती आलेल्या हीट मॅपवर चालण्याची रेघ दाखवायला सांगितली, तर ही पळवाट लगेच दिसते.

रंगांमागे डीबीएम हे माप असते. आकडा उणे असतो, आणि उणे ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल मिळावा असे उद्दिष्ट साधारणपणे ठेवले जाते. तीन डीबी कमी झाले की ताकद निम्मी होते, दहा कमी झाले की दहाव्या हिश्श्यावर येते.

आपल्या गोडाऊनमध्ये गल्लीच्या एका टोकाला, गल्लीकडे तोंड करून, दिशादर्शक अँटेना लावला. दुसऱ्या टोकाला, ८० मीटरवर, सर्व्हेच्या उपकरणाला उणे ६४ मिळाले. नकाशा हिरवा झाला. पण कामगाराच्या हातात ते उपकरण नसते, स्कॅनर असतो. दोन्ही शेजारी धरून एकाच जागी वाचले, तेव्हा स्कॅनर सात डीबीने मागे निघाला. म्हणजे स्कॅनरच्या लेखी तिथे उणे ७१ होते, उद्दिष्टाच्या खाली. दुसऱ्या टोकालाही तसाच अँटेना बसवला की सर्वांत लांबचे अंतर ४० मीटरवर येते. मोकळ्या दृष्टिरेषेत अंतर निम्मे झाले की सहा डीबी मिळतात, त्यामुळे स्कॅनरचे वाचन उणे ६५ होते. स्कॅनरमधला हा फरक सॉफ्टवेअरमध्ये भरता येतो. तो न भरता काढलेला नकाशा कितीही सुबक असला, तरी तो गोडाऊनच्या उपयोगाचा नाही.

सिग्नल कमी पडतो म्हणून ॲक्सेस पॉइंटची ताकद कमाल करणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे. त्याने स्कॅनरला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण स्कॅनरचे क्षीण उत्तर परत पोहोचत नाही. पडद्यावर भरपूर कांड्या दिसतात आणि काम मात्र थांबलेले असते. उपकरणांची संख्या वाढवणेही तितकेच घातक. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांना ऐकत असतील, तर एक बोलताना बाकीच्यांना थांबावे लागते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. म्हणून स्कॅनर चालत असतील तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडावे. तिथे चॅनेल पुष्कळ आहेत, आणि समोरासमोरच्या व शेजारच्या गल्ल्यांना वेगवेगळी देता येतात. हीट मॅपचा दुसरा थर, एकाच चॅनेलवर किती उपकरणे ऐकू येतात हे दाखवणारा, म्हणूनच सिग्नलच्या थराइतकाच नीट पाहायला हवा.

उपकरणे बसवल्यावर मालासह पुन्हा एकदा चालावे लागते, या वेळी फोर्कलिफ्टवरच्या टर्मिनलसह. गोडाऊनमालकाने ठेकेदाराकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मोजणीच्या दिवशी रॅक किती भरलेले होते, चालण्याची रेघ कुठून गेली आणि स्कॅनरचा फरक किती धरला. ही तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत छताला तार लावू देऊ नये.