आधी λ, मग रो ऑपरेशन

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स सोपी करून घेण्याची इतकी सवय लागते, की आयगेन व्हॅल्यू काढतानाही हात आधी रो ऑपरेशनकडे जातो. उत्तर तिथंच बिघडतं.

पहिली ओळ 4, 1 आणि दुसरी 2, 3 अशी मॅट्रिक्स घ्या. मुख्य कर्णातल्या दोन्ही संख्यांतून λ वजा करून डिटरमिनंट शून्य मांडला, की (4−λ)(3−λ) − 2 = 0, म्हणजेच λ² − 7λ + 10 = 0. उत्तरं 5 आणि 2.

कुणी आधीच दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली, तर ती 0, 2.5 होते आणि उत्तरं 4 व 2.5 येतात. गुणाकार दोन्हीकडे 10च, त्यामुळे डिटरमिनंटशी ताळा जुळतो आणि चूक लपते. बेरीज मात्र मूळ कर्णाइतकी, 7 हवी; इथे ती 6.5 भरते. म्हणून दोन्ही ताळे कराच.

λ मिळाल्यावर रो ऑपरेशन खुशाल वापरा. λ = 5 ठेवल्यास दोन्ही समीकरणं x = y हेच सांगतात, म्हणून आयगेन व्हेक्टर (1, 1). λ = 2 ला y = −2x, म्हणजे (1, −2). x आणि y दोन्ही शून्यच निघाले, तर गडबड आहे. मागे जाऊन λ आणि चिन्हं तपासा.