दहा की बारा?

गणपती जवळ आले की सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागते : ‘रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, ही नम्र विनंती.’ मग जिन्यात वाद सुरू होतो. कोणी म्हणतं, सणाला बाराची परवानगी असते. हे अर्धवट खरं आहे, आणि भांडण तिथूनच पेटतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणासुदीसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. गणेशोत्सवाचा प्रत्येक दिवस त्यांत असेलच असं नाही. म्हणून आमच्या सूचनेत यंदा नुसतं ‘सणाचे दिवस’ न लिहिता तारखा लिहायच्या, असं आम्ही ठरवलं. तारीख समोर दिसली की वाद उरत नाही.

बाराची सवलत मिळाली तरी ती वेळेची असते, आवाजाची नव्हे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी आवारातल्या यंत्रणेचा आवाज आवाराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचहून जास्त वाढता कामा नये, म्हणजे दिवसा ६० डेसिबल. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेवढाच हा आवाज. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणून ‘थोडासाच वाढवला’ हे म्हणणं फसवं असतं.

आमच्या आवारात दोन इमारती समोरासमोर आहेत. स्पीकर मंडपातून समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवले की आवाज दोन्ही भिंतींवर आपटत राहतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खाली बसलेल्यांपेक्षाही जास्त त्रास होतो. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन लहान स्पीकर खुर्च्यांजवळ, खाली झुकवून ठेवले, तर आरती सगळ्यांना ऐकू येते आणि आवाजही कमी लागतो. बेस मात्र वेगळा कमी करावा लागतो. ती घरघर बंद खिडकीतूनही आत येते आणि झोपलेलं बाळ दचकून उठतं. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतं ठीक आहे, कारवाईसाठी प्रमाणित मापकाचीच नोंद लागते.

सूचनेच्या शेवटी मंडपाची जबाबदारी असलेल्या एका सभासदाचा फोन नंबर द्यावा. ज्याला त्रास होईल त्याने आधी त्यांना फोन करावा. तरीही आवाज थांबला नाही तर ११२ आहेच. आणि घरात आजारी माणूस असेल, तर ते आरतीच्या आधीच मंडपात येऊन सांगा. आम्ही आवाज कमी करू.