दुकानातला पैसा किती दिवसांनी परत येतो?

गटांच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. दुकान चालतंय, वहीत नफाही दिसतोय, मग नवा माल भरायला पैसा का नसतो? आज त्याचाच हिशेब मांडू.

दुकानातला पैसा एका जागी थांबत नाही. पैशाचा माल होतो, मालाची उधारी होते आणि उधारी वसूल झाली की पुन्हा पैसा हातात येतो. या फेरीत जो पैसा गुंतून राहतो, त्याला खेळतं भांडवल म्हणतात. ही फेरी किती दिवसांची आहे, ते आपल्या वहीवरून काढता येतं.

समजा, एका गटाचं किराणा दुकान आहे. रोजची विक्री सरासरी 2,400 रुपये. तेवढा माल आपल्याला 2,000 रुपयांना पडतो.

आधी मालाचे दिवस काढू. महिनाअखेरीला फळीवरचा आणि पोत्यांतला सगळा माल मोजायचा आणि त्याला खरेदीचा भाव लावायचा. तो 60,000 रुपयांचा भरला. रोज 2,000 चा माल जातो, म्हणजे 60,000 भागिले 2,000, झाले 30 दिवस. आज आणलेला माल सरासरी महिन्याने विकला जातो.

मग उधारीचे दिवस. उधारीच्या वहीतली सगळी येणी 48,000 आहेत. उधारी विक्रीच्या भावाने लिहिलेली असते, म्हणून तिला रोजच्या विक्रीने, 2,400 ने भागायचं. झाले 20 दिवस.

तिसरे देण्याचे दिवस. तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचं आपण 20,000 रुपये देणं लागतो. ते 2,000 ने भागलं की 10 दिवस.

आता तिन्ही एकत्र करू. माल 30 दिवस पडून राहिला, पुढे 20 दिवस उधारीत गेला, असे 50 दिवस झाले. त्यातले 10 दिवस व्यापाऱ्याच्या पैशावर निघाले. उरलेले 40 दिवस आपला पैसा अडकतो. रोजचे 2,000 धरले, तर 80,000 रुपये कायम फेरीत लागतात.

दिवाळीत विक्री दीडपट झाली की काय होतं पाहा. रोज 3,000 चा माल जाणार. फेरी 40 दिवसांचीच राहिली, तर 1,20,000 लागतील, म्हणजे 40,000 जास्त. त्या महिन्याचा नफा, खर्च वजा करण्याआधी, 18,000. बाकीचे कुठून आणणार? विक्री वाढली आणि गल्ला रिकामा झाला, असं होतं ते यामुळेच. कर्ज काढण्याआधी फेरी कुठे लांबते ते शोधायला हवं.

माल मोजताना दोन ढीग करावेत, महिन्याभरात हलणारा आणि दोन महिने न हललेला. तेल, साखर, मीठ, चहा यांना हात लावू नका. ते संपले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. पण न हललेल्या ढिगात 20,000 रुपयांच्या साबण-पावडरी आणि प्लास्टिकच्या वस्तू निघाल्या, तर त्या थोड्या कमी भावाने काढा आणि पुन्हा भरू नका. साठा 40,000 वर आला की मालाचे दिवस 20 होतात.

उधारीत एक गोम आहे. 20 दिवस ही सगळ्या विक्रीवरची सरासरी झाली. निम्मा माल रोखीने जात असेल, तर उधारीवाल्यांकडून पैसे यायला खरे 40 दिवस लागतात. म्हणून वहीत नावापुढे तारीख लिहा. वसुलीचा वार त्या घरात पैसा येतो त्या दिवसाला जोडा. डेअरीचं बिल दहा दिवसांनी मिळत असेल, तर त्याच दिवशी, आणि मजुरी आठवडी बाजाराला मिळत असेल, तर त्या संध्याकाळी. येणी 36,000 वर आली की उधारीचे दिवस 15 होतात.

व्यापाऱ्याचे पैसे मात्र मुद्दाम लांबवू नका. तो पुढच्या वेळी भाव चढा लावतो किंवा माल द्यायचं टाळतो. रोखीवर तो सूट देतो का, तेही विचारा. शंभराला दोन रुपये सूट मिळत असेल, तर ती सोडून 10 दिवसांची उधारी घेणं म्हणजे 10 दिवसांना दोन टक्के व्याज भरणं. गटाचं कर्ज महिन्याला दोन टक्क्यांनी मिळत असेल, तर तेच स्वस्त.

आता नवी फेरी मोजा. 20 अधिक 15 वजा 10, म्हणजे 25 दिवस. रोजच्या 2,000 ने 50,000 रुपये. 80,000 मधले 30,000 मोकळे झाले. दिवाळीतही दीडपट विक्रीला 75,000 पुरतील.

हा हिशेब दर महिन्याच्या त्याच तारखेला करा. सणाच्या आधी साठा फुगलेला असतो, म्हणून एकाच महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. विक्री तेवढीच असताना दिवस वाढत गेले, तर पैसा माल आणि उधारी यांपैकी कुठे अडकला, ते वहीच सांगेल.