दहा रीडिंगची सरासरी किती भरवशाची?

एक मीटर लांबीचा दोलक घ्या. हातातल्या स्टॉपवॉचने त्याच्या 20 दोलनांना लागणारा वेळ मोजा आणि हे दहा वेळा करा. समजा, सेकंदांत आकडे असे आले: 40.1, 40.3, 39.9, 40.2, 40.0, 40.4, 40.1, 39.8, 40.2, 40.0. सरासरी 40.10. पण हे 40.10 स्वतः किती डळमळीत आहे?

आधी प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचे आणि त्या फरकांचे वर्ग करायचे. इथे वर्गांची बेरीज 0.30 येते. तिला दहाने नव्हे, नवाने भागायचे. सरासरी याच दहा आकड्यांतून काढलेली असल्यामुळे सगळ्या फरकांची बेरीज शून्यच येते. नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. भागाकाराचे वर्गमूळ 0.18 सेकंद. हे एका रीडिंगचे प्रमाण विचलन झाले. त्याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे 3.16ने भागले की सरासरीची प्रमाण अनिश्चितता मिळते: 0.06 सेकंद. म्हणून उत्तर लिहायचे 40.10 ± 0.06 सेकंद.

भागायचे ते वर्गमुळाने का? बोट कधी लवकर दाबले जाते, कधी उशिरा. बेरजेत या चुका काही प्रमाणात एकमेकींना खोडतात. त्यामुळे दहा रीडिंगच्या बेरजेतली चूक दहापट न होता साधारण 3.16 पटच होते. सरासरीसाठी मात्र बेरजेला पुऱ्या दहाने भागतो. फायदा उरतो तो एवढाच, 3.16 पटींचा.

म्हणूनच पुढची वाट महाग पडते. अनिश्चितता निम्मी करायची तर 40 रीडिंग हवीत, दहावा हिस्सा करायची तर 1000. शिवाय स्टॉपवॉचच मंद चालत असेल, तर सगळी रीडिंग एकाच बाजूला सरकतात. ती चूक सरासरीत खोडली जात नाही आणि ± च्या आकड्यात दिसतही नाही. ती दुसऱ्या खात्रीच्या घड्याळाशी ताडूनच पकडता येते.

मग करायचे काय? एका दोलनाचा काळ पाचपट नेमका हवा असेल, तर 20 दोलनांची 250 रीडिंग घ्यावी लागतील. नुसते मोजण्यातच पावणेतीन तासांहून अधिक वेळ जाईल. त्याऐवजी एका दमात 100 दोलने मोजा. बोटाची चूक तेवढीच राहते, पण ती पाचपट दोलनांत वाटली जाते. अशी दहा रीडिंग सुमारे 33 मिनिटांत होतात. फक्त दोलने मोजताना आकडा चुकू देऊ नका आणि शेवटपर्यंत झोका नीट दिसेल याची काळजी घ्या. दहा रीडिंगनंतर अकरावे घेण्याआधी मोजण्याची पद्धत सुधारता येते का, ते पाहावे.