‘हे नीट करून द्या’: जुन्या फॉन्टमधली मराठी परत कशी वाचायची?

जमातीची सभासद यादी, शाळेचे जुने दाखले, घराच्या व्यवहाराचा मसुदा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाईप केलेली अशी फाईल आज उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा गोंधळ दिसतो. घरात ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्याकडे ती पाठवली जाते आणि सोबत एकच वाक्य असतं: ‘हे नीट करून द्या.’ पण नेमकं काय बिघडलंय हे आधी ओळखावं लागतं, कारण चुकीचा इलाज केला तर नावंच बदलतात.

गोंधळ कसा दिसतो ते नीट पाहा. नुसते चौकोन असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त मराठी फॉन्ट नाही. `à¤` आणि `à¥` अशा जोड्या पुन्हा पुन्हा येत असतील तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने उघडलाय. सगळीकडे `????` असेल तर मूळ अक्षरं गेलेली आहेत. त्या प्रतीतून काही मिळणार नाही, दुसरी प्रत शोधावी. आणि असं काही दिसलं तर तो जुना फॉन्ट:

```
eq- Jhiwj] rk- ekGf'kjl] ft- lksykiwj
```

हे ‘मु. श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर’ आहे, `Kruti Dev 010` या फॉन्टमध्ये टाईप केलेलं. या फाईलमध्ये मराठी अक्षर कधी नव्हतंच. साठवलंय ते `J`. फॉन्टने फक्त `J`च्या जागी ‘श्र’चं चित्र काढलं होतं. फॉन्ट गेला, चित्र गेलं, `J` उरला.

म्हणून पहिलं काम म्हणजे फॉन्टचं नाव शोधणं. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट आपल्या मशीनवर नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं: `Kruti Dev 010`, `DVB-TTSurekh`, `SHREE-DEV-0714` असं काहीतरी. प्रत्येकाची अक्षरं वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला तर नवाच गोंधळ तयार होतो. मजकूर व्हॉट्सॲपवर पेस्ट करून आला असेल तर फॉन्टचं नाव वाटेतच गेलेलं असतं. अशा वेळी मूळ फाईलच मागा.

नुसतं वाचायचं किंवा छापायचं असेल तर तो फॉन्ट बसवला की झालं. पण मोबाईलवर पाठवायचं, नाव शोधायचं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर हवं. आधी फाईलची एक प्रत काढा आणि ठाऊक असलेला एकच शब्द कन्व्हर्टरमधून काढून बघा. `Jhiwj`चं ‘श्रीपूर’ झालं तर फॉन्ट बरोबर ओळखलाय.

मग दोन अवघड शब्द तपासा. कृतिदेवची मांडणी टाईपरायटरची आहे. जे डावीकडे दिसतं ते आधी टाईप होतं. म्हणून ‘मुस्लिम’ हा `eqfLye` असतो. यात `f` म्हणजे वेलांटी, आणि ती ‘स्लि’च्या आधीच येते. ‘कुर्डूवाडी’ हा `dqMwZokMh` असतो. यातला `Z` म्हणजे रफार, तो ‘डू’च्या नंतर येतो. कन्व्हर्टरला वेलांटी पुढे आणि रफार मागे न्यावा लागतो. हे न जमणाऱ्या कन्व्हर्टरमधून ‘मुसि्लम’सारखं काहीतरी बाहेर पडतं. तो सोडून दुसरा घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा मिश्र फाईलमध्ये होतो. कृतिदेवमध्ये `/` म्हणजे अर्धा ‘ध्’, आणि तारखेतली तिरकी रेघ `@`ने टाईप होते. कारकुनाने तारखा इंग्रजी फॉन्टमध्ये घातल्या असतील आणि आपण सगळी फाईल एकदम रूपांतरित केली, तर 12/5/2004 चं ‘12ध्5ध्2004’ होतं. इंग्रजी नावांचंही तेच. म्हणून वर्डमध्ये `Select` खालच्या `Select All Text With Similar Formatting`ने फक्त जुन्या फॉन्टचा मजकूर निवडा आणि तेवढाच बदला.

शेवटी तपासणी. वर्डच्या शोध चौकटीत `Use wildcards` चालू करून हे शोधा:

```
[A-Za-z]
```

मराठी मजकुरात मधेच इंग्रजी अक्षर सापडलं तर तिथे रूपांतर अडलंय. ठिपक्यांच्या गोलावर बसलेली एकटी मात्राही तेच सांगते.

मात्र ‘ज़’खालचा नुक्ता अशा शोधात सापडत नाही. कृतिदेवमध्ये तो `+`ने येतो (`t+`). कन्व्हर्टरने तो गाळला तर ‘ज’ उरतो, आणि तेही चांगलं मराठी अक्षरच दिसतं. मुळात टाईप करतानाच चूक झाली असेल तर तीही जशीच्या तशी उतरते. म्हणून दाखला, वारसाचा अर्ज किंवा निकाहनाम्याची नोंद असेल तर प्रत्येक नाव छापील कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा, आणि मूळ फाईल जपून ठेवा.