पन्नास किलोंचे कंदील, तीनशे साठ किलोंचे भाडे

दिवाळीच्या महिनाभर आधी मुंबईहून लंडनला आकाशकंदील निघतात. समजा, एका व्यापाऱ्याने तयार, फुललेले कंदील दहा खोक्यांत भरले. प्रत्येक खोके लांबी, रुंदी आणि उंचीला 60 सेंटीमीटर, आणि वजन जेमतेम 5 किलो. काट्यावर सगळा माल भरतो 50 किलो. एअरवे बिलावर मात्र ‘चार्जेबल वेट’च्या रकान्यात 360 किलो लिहिलेले असतात.

यात कोणी फसवलेले नाही. विमानाच्या पोटातली जागा मोजकी असते. तिथे नुसते कंदील भरले, तर वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी जागा संपेल. म्हणून विमान कंपन्या जागेचेही वजन धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचे. 60 × 60 × 60 म्हणजे 2,16,000, त्याला 6000 ने भागले की 36 किलो. दहा खोक्यांचे 360. हे व्हॉल्युमेट्रिक वजन. काट्यावरचे वजन आणि हे वजन, यांतले जे जास्त, त्यावर भाडे लागते.

किलोला 200 रुपये दर धरला, तर 10,000 रुपयांचा अंदाज बांधून बसलेल्या व्यापाऱ्याच्या हाती 72,000 रुपयांचे बिल पडते. कुरिअरने पाठवले तर आकडा आणखी वाढतो. तिथे बहुधा 5000 ने भागतात, म्हणजे त्याच खोक्यांचे 432 किलो होतात.

खोके जिथे सर्वात जास्त फुगलेले असते, तिथे माप घेतात. ठासून भरल्यामुळे प्रत्येक खोक्याचे झाकण 3 सेंटीमीटर वर आले, तर दहा खोक्यांमागे 18 किलो वाढतात, म्हणजे आणखी 3,600 रुपये. कारखान्यातून आलेल्या रिकाम्या खोक्यावर छापलेले माप फॉरवर्डरला कळवले, तर हा फरक विमानतळावरच्या गोदामात उघड होतो. तोवर ग्राहकाला भाव सांगून झालेला असतो. त्यामुळे टेप लावायची ती माल भरून, पट्टी मारून झाल्यावरच.

आता तेच कंदील घडी घालून पाठवले तर? समजा, ते 60 × 40 × 40 सेंटीमीटरच्या तीन खोक्यांत मावले आणि प्रत्येक खोके 15 किलोचे झाले. काट्यावर 45 किलो, मापाने 48. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. माल कमी असला की किलोमागचा दर चढतो हे खरे, पण तो 300 रुपये धरला तरी भाडे 14,400 रुपयेच होते.

घडी न होणाऱ्या मालासाठी दुसरा मार्ग आहे. विमान कंपनी सहसा एका एअरवे बिलावरच्या सगळ्या खोक्यांची बेरीज करून दोन्ही वजने ताडते. त्यामुळे त्याच ग्राहकाला पितळी समया हव्या असतील, तर त्या कंदिलांसोबत त्याच बिलावर जाऊ शकतात. समयांची 200 किलोंची खोकी मापाने 40 किलो भरली, तर एकूण काट्यावर 250 आणि मापाने 400 किलो होतात. भाडे 400 किलोंवर लागते. वेगवेगळे पाठवले असते, तर 360 आणि 200 मिळून 560 किलोंचे भरावे लागले असते.